आरटी-पीसीआरच्या रिपोर्टमागची अक्षरे

२०२१ साली कोल्हापूरकडून कर्नाटकात येणारी गाडी कोगनोळी नाक्यावर थांबवली जायची. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाजवळ ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट नसेल, तर गाडी परत फिरायची. आमच्यातल्या बऱ्याच कॅडेटच्या घरी तो कागद अजून फाइलमध्ये असेल. त्यावर जनुकांची नावे असतात, आणि पॉझिटिव्ह आला असेल तर ‘सीटी व्हॅल्यू’ नावाचा एक आकडा असतो. या आकड्यावरून त्या काळात घराघरांत चर्चा व्हायची, पण तो कशाचा आकडा आहे हे फार कमी जणांना ठाऊक होते.

दहावीच्या पुस्तकात डीएनए, आरएनए आणि न्यूक्लिओटाइड एका पानात संपतात. आपण ते पाठ करतो आणि पुढे जातो. पण ती सगळी माहिती या एका चाचणीत कामाला येते. बोम्मसंद्र्यात होसूर रोडला आणि जिगणी लिंक रोडला रुग्णालये आणि जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत. तिथे पीसीआर हे रोजचे काम आहे. म्हणून धड्याऐवजी मी चाचणीच्या बाजूने लिहितो.

कोविडचा विषाणू आपली माहिती आरएनएमध्ये ठेवतो. ती साखळी सुमारे २९,९०० अक्षरांची आहे. अक्षर म्हणजे एक न्यूक्लिओटाइड, आणि त्याचे तीन भाग असतात: एक फॉस्फेट, एक पाच कार्बनची साखर आणि एक नायट्रोजनयुक्त बेस. साखरेच्या कार्बनना क्रमांक दिलेले आहेत, आणि पुढचे सगळे समजण्यासाठी हे क्रमांक लक्षात ठेवायला हवेत. पहिल्या कार्बनला बेस जोडलेला असतो. पाचव्याला फॉस्फेट असते. तेच फॉस्फेट शेजारच्या साखरेच्या तिसऱ्या कार्बनलाही पकडते, आणि अशी साखर-फॉस्फेट-साखर-फॉस्फेट साखळी तयार होते. त्यामुळे साखळीला दिशा येते: एका टोकाला पाचवा कार्बन मोकळा, दुसऱ्या टोकाला तिसरा. म्हणूनच शास्त्रज्ञ टोकांना 5' आणि 3' असे लिहितात.

आता दुसरा कार्बन. आरएनएच्या साखरेत, म्हणजे रायबोजमध्ये, दुसऱ्या कार्बनवर एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन असतात. डीएनएच्या साखरेत तिथे फक्त हायड्रोजन असतो. ‘डीऑक्सी’ या शब्दाचा अर्थच ऑक्सिजन काढलेली असा आहे. परीक्षेत हा फरक एका मार्काचा असतो, पण प्रयोगशाळेत त्याचे परिणाम मोठे होतात. दुसऱ्या कार्बनवरचा तो ऑक्सिजन शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करू शकतो. तसे झाले की फॉस्फेटचा पुढच्या साखरेशी असलेला बंध सुटतो आणि साखळी तिथे तुटते. म्हणजे आरएनएला तोडायचे हत्यार त्याच्या प्रत्येक दुव्यातच आहे. डीएनएत हे हत्यार नाही. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात दोन्ही ठेवले तर आरएनएचे तुकडे होतात. डीएनएचे दोन पदर एकमेकांपासून वेगळे होतात, पण पदर अखंड राहतात.

शिवाय आपल्या त्वचेवर, लाळेत आणि घामात आरएनए कापणारी एन्झाइमे असतात. त्यांना आरएनएज म्हणतात, आणि तीही याच ऑक्सिजनचा वापर करतात. ती फार चिवट आहेत. त्यांतले काही प्रकार उकळूनही पूर्ण निकामी होत नाहीत, थंड झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतात. म्हणून घशातला नमुना घेतला की तो द्रवाच्या नळीत टाकून २ ते ८ अंशांच्या थंड पेटीत ठेवतात. ७२ तासांत तपासता येणार नसेल तर उणे ७० अंशांवर गोठवतात. तंत्रज्ञ हातमोजे पुन्हा पुन्हा बदलतात. हे मोजे तंत्रज्ञाला विषाणूपासून वाचवतात, तसेच ते आरएनएला तंत्रज्ञाच्या बोटांपासूनही वाचवतात.

पण आरएनए कितीही सांभाळला तरी तो पुढच्या कामाला टिकणार नाही. कारण पीसीआर यंत्रात नमुना पुन्हा पुन्हा ९५ अंशांपर्यंत तापवायचा असतो, तोही मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या द्रावणात. एवढ्या उष्णतेत आरएनएचे तुकडे पडतील. म्हणून आधी विषाणूच्या आरएनएची डीएनए प्रत काढतात. नावातले ‘आरटी’ म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, ते हेच काम. ही प्रत काढताना बेसच्या जोड्या लागतात, म्हणून आता जोड्यांकडे वळू.

डीएनएचे चार बेस म्हणजे अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. त्यांना मी ए, टी, जी आणि सी म्हणेन. आरएनएमध्ये थायमीनच्या जागी युरॅसिल म्हणजे यू असते. ए आणि जी यांना दोन कड्या असतात, ते मोठे. सी, टी आणि यू यांना एकच कडी असते, ते लहान. जोडी नेहमी एक मोठा आणि एक लहान अशी लागते, म्हणून शिडीची रुंदी सगळीकडे सारखी राहते. दोन मोठे मध्ये मावणार नाहीत, आणि दोन लहानांमध्ये फट राहील.

पण मग ए ची जोडी सी शी का लागत नाही? तोही लहानच आहे. इथे हायड्रोजन बंध येतात. हे बंध टिचबटणांसारखे समजा. टिचबटणाला एक उंचवटा आणि एक खळगा लागतो. हायड्रोजन बंधाला एका बाजूला हायड्रोजन देणारा गट लागतो आणि समोर तो घेणारा. ए च्या कडेला एक देणारा आणि एक घेणारा असतो. टी च्या कडेला बरोबर त्यांच्या समोर एक घेणारा आणि एक देणारा येतो, म्हणून दोन बटणे लागतात. यू ची ती कडा टी सारखीच आहे, म्हणून ए ची यू शीही जोडी लागते. जी आणि सी यांच्यात अशी तीन बटणे लागतात. ए समोर सी आणला तर खळग्यासमोर खळगा येतो आणि जोडी नीट बसत नाही. एक खुलासा करायला हवा: शिडीला घट्टपणा फक्त या बटणांनी येत नाही. एकावर एक रचलेले बेस एकमेकांना चिकटतात, त्याचाही वाटा मोठा आहे. पण कोणाची जोडी कोणाशी, हे बटणेच ठरवतात.

आता खरी अक्षरे पाहू. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०२० साली आपल्या चाचणीतली अक्षरे सगळ्यांसाठी जाहीर केली. त्यातला विषाणूच्या एन जनुकाचा एक भाग घेतो. भारतात वापरलेल्या किटमध्ये जनुके वेगवेगळी होती, पण पद्धत हीच.

आधी प्रायमर नावाचा डीएनएचा छोटा तुकडा टाकतात. तो कारखान्यात अक्षर अक्षर जोडून बनवलेला असतो. इथे तो २४ अक्षरांचा आहे, आणि तो विषाणूच्या आरएनएवर असा बसतो. वर विषाणू, खाली प्रायमर:

```
5'-CAGAUUCAACUGGCAGUAACCAGA-3'
3'-GTCTAAGTTGACCGTCATTGGTCT-5'
```

प्रत्येक उभी जोडी तपासून पाहा. वर U आहे तिथे खाली A, वर A आहे तिथे खाली T. आरएनए आणि डीएनए एकमेकांशी सहज जोडी लावतात, त्यांच्या साखरेतला फरक जोडीच्या आड येत नाही. टोकेही पाहा. वरची ओळ 5' पासून सुरू होते, खालची 3' पासून. दोन पदर नेहमी असे उलट दिशेचे असतात. परेडवर दोन फाइली समोरासमोरून मार्च करत जातात तशी ही रचना आहे, फक्त इथे कोणी पुढे सरकत नाही.

प्रायमर बसला की ५० अंशांवर १५ मिनिटे एक एन्झाइम प्रायमरच्या 3' टोकाला एकेक अक्षर जोडत जाते. समोर आरएनएत ए असेल तर टी, जी असेल तर सी. अशी विषाणूच्या त्या भागाची डीएनए प्रत तयार होते. इथून पुढे सगळे काम टिकाऊ साखळीवर होते.

मग नमुना ९५ अंशांना तापवतात. टिचबटणे सुटतात आणि पदर वेगळे होतात, पण साखर-फॉस्फेटची साखळी तुटत नाही, कारण दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन नाही. नंतर तापमान ५५ अंशांवर आणतात. तिथे दुसरा प्रायमर नव्या प्रतीवर बसतो. वर प्रत, खाली प्रायमर:

```
3'-CTGGGGTTTTAGTCGCTTTA-5'
5'-GACCCCAAAATCAGCGAAAT-3'
```

हा तुकडा वीस अक्षरांचा आहे. ५५ हा आकडा कुठून आला, ते आपण वहीत काढू शकतो. प्रायमरमधली जी आणि सी मोजा: ९ भरतात. ए आणि टी ११. जी-सी जोडीला तीन बंध आणि ए-टी जोडीला दोन, म्हणजे २७ अधिक २२, एकूण ४९ हायड्रोजन बंध. छोट्या तुकड्यांसाठी एक जुना अंदाजी नियम आहे: प्रत्येक जी किंवा सी साठी ४ अंश आणि प्रत्येक ए किंवा टी साठी २ अंश धरायचे. ९ चोक ३६ आणि ११ दुणे २२, मिळून ५८ अंश. साधारण या तापमानाला अर्धे प्रायमर बसलेले आणि अर्धे सुटलेले असतात. म्हणून त्याच्या थोडे खाली, ५५ वर काम करतात. ४० अंशांवर ठेवले तर प्रायमर दोन-चार अक्षरे चुकलेल्या जागीही बसेल आणि खोटी प्रत निघेल. ७० वर ठेवले तर तो बरोबर जागीही बसणार नाही, आणि विषाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येईल. हा साधा नियम लांब तुकड्यांना नीट लागू पडत नाही, आणि प्रयोगशाळा आज त्यापेक्षा बारीक हिशेब करतात. पण जी-सी जास्त तर तापमान जास्त, हे त्यातून लगेच कळते.

वीसच अक्षरे का? नमुन्यात विषाणूबरोबर आपला स्वतःचा डीएनएही असतो, सुमारे ३०० कोटी जोड्यांचा. चार अक्षरांपासून वीस अक्षरी शब्द बनवायचे तर ४ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी वेगवेगळे शब्द होतात. म्हणून ठरावीक वीस अक्षरी शब्द आपल्या डीएनएत योगायोगाने सापडायची शक्यता फार कमी असते. दहा अक्षरी शब्द जेमतेम साडेदहा लाख आहेत, तो आपल्यात हजारो ठिकाणी सापडेल.

दोन प्रायमरच्या मधला भाग धरून हा तुकडा एकूण ७२ जोड्यांचा होतो. तापवा, थंड करा, प्रत काढा. असे ४५ वेळा. दर फेरीत तुकडे दुप्पट होतात. मधल्या भागावर आणखी एक तुकडा बसतो, त्याला प्रोब म्हणतात. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू असतो. प्रत काढणारे एन्झाइम प्रोबपाशी आले की त्याला कापत पुढे जाते, रंग सुटा होतो आणि चमकतो. जेवढ्या प्रती, तेवढा प्रकाश. ज्या फेरीत हा प्रकाश ठरलेल्या रेषेच्या वर जातो, त्या फेरीचा क्रमांक म्हणजे सीटी व्हॅल्यू.

आता त्या घरगुती चर्चेकडे येऊ. एकाचा सीटी २० आणि दुसऱ्याचा ३०, तर फरक दहा फेऱ्यांचा. दोनचा दहावा घात १०२४. म्हणजे सीटी २० असलेल्याच्या नमुन्यात विषाणूचा आरएनए सुमारे हजार पट जास्त होता. आकडा कमी तर विषाणू जास्त, हे ऐकायला उलटे वाटते, म्हणून लोक गोंधळायचे. भारतात आयसीएमआरने ३५ पर्यंतचा सीटी पॉझिटिव्ह धरायला सांगितले होते. पण या आकड्यावरून आजार किती गंभीर आहे ते सांगता येत नाही. काडी नाकात नीट फिरली नाही, किंवा पेटी उन्हात राहून आरएनए तुटला, तरी सीटी वाढतो. माणूस तोच, विषाणू तेवढाच, आकडा मात्र वेगळा.

मग निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास कसा ठेवायचा? नमुनाच खराब असेल तर? त्यासाठी त्याच चाचणीत एक मानवी जनुकही शोधतात. सीडीसीच्या चाचणीत ते आरएनएज पी नावाचे आहे. (याचा वरच्या आरएनएजशी गोंधळ करू नका, हे पेशीतले वेगळे काम करते.) माणसाच्या नाकातला नमुना असेल तर हे जनुक सापडायलाच हवे. विषाणू नाही आणि हेही नाही, असे झाले तर उत्तर निगेटिव्ह नसते, ते ‘पुन्हा नमुना घ्या’ असते.

उलट चूक म्हणजे खोटा पॉझिटिव्ह. एका नळीत कोट्यवधी प्रती तयार होतात. त्यातला सूक्ष्म थेंब उडून उद्याच्या नळीत पडला तर? यावरची युक्ती मला सगळ्यात आवडली, आणि ती टी आणि यू यांच्या फरकावर उभी आहे. टी म्हणजे यू च, फक्त त्याच्या कडीला एक मिथाइल गट जास्त. डीएनएला हा जादा गट का हवा? कारण सी मधला एक अमिनो गट अधूनमधून आपोआप गळतो, आणि तसे झाले की सी चा यू होतो. डीएनएत मुळातच यू चालत असता, तर खरा यू कोणता आणि बिघडलेला सी कोणता हे पेशीला कळले नसते. टी वापरल्यामुळे डीएनएत दिसलेला यू म्हणजे बिघाड, असा सरळ नियम झाला, आणि तो काढून टाकणारे एन्झाइम पेशीत असते. प्रयोगशाळेने हेच एन्झाइम उचलले. काही किटमध्ये प्रती बनवताना टी ऐवजी मुद्दाम यू घालतात. दुसऱ्या दिवशी नवी चाचणी सुरू करताना आधी २ मिनिटे २५ अंशांवर हे एन्झाइम काम करते. कालच्या चाचणीतून उडून आलेल्या यू वाल्या डीएनए प्रती ते खराब करते. विषाणूच्या आरएनएतही यू असतो, पण त्याची साखर वेगळी, म्हणून त्याला एन्झाइम हात लावत नाही. पुढे ९५ अंशांना एन्झाइम थंडावते, आणि आजच्या प्रती वाचतात.

शेवटी, जोडी चुकते तेव्हा काय होते याचे एक उदाहरण. विषाणूची प्रत निघताना अक्षरे बदलतात किंवा गळतात. ओमिक्रॉनच्या पहिल्या रूपात एस जनुकातली सलग सहा अक्षरे गळलेली होती. एक किट तीन जनुके पाहायचे, आणि त्यातला एस जनुकाचा प्रोब नेमका त्या जागेवर बसायचा. सहा अक्षरे समोर नसल्यावर तो बसेना. यंत्रावर दोन रेषा वर चढायच्या आणि तिसरी सपाट राहायची. चाचणी फसली नाही, कारण बाकीची दोन जनुके सापडत होती. उलट ही सपाट रेषा पाहून प्रयोगशाळांना लगेच संशय यायचा आणि ते नमुने पूर्ण अक्षरे वाचण्यासाठी पुढे पाठवले जायचे. भारतातले पहिले दोन ओमिक्रॉन रुग्ण २ डिसेंबर २०२१ ला जाहीर झाले ते आपल्या बेंगळुरूतलेच. दोन दिवसांनी महाराष्ट्रातला पहिला रुग्ण कल्याण-डोंबिवलीत सापडला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बीए.२ हे ओमिक्रॉनचेच दुसरे रूप भारतात पसरले. त्यात ती सहा अक्षरे जागेवर होती, त्यामुळे एसची रेषा पुन्हा वर चढायला लागली. मग तीन रेषा पाहून हा ओमिक्रॉन आहे की जुना डेल्टा, हे ओळखता येईना. ते ठरवण्यासाठी साखळीतली अक्षरेच वाचून काढावी लागत होती.